पेजेनंतरची वही

मला सेवानिवृत्त होऊन आता तीन वर्षे होत आली. पणजीतील एका सरकारी कार्यालयाच्या लेखा शाखेत मी ३४ वर्षे काम केले आणि फोंडा तालुक्यातील आमच्या गावाहून रोज बसने ये-जा केली. लेखा शाखेतल्या माणसाचे वर्ष ३१ मार्चला संपते, महिना पगाराची बिले मंजुरीला गेली की संपतो आणि दिवस टेबलावरच्या फायली हातावेगळ्या झाल्या की संपतो. निवृत्तीनंतर ही तिन्ही टोके एकाच वेळी सुटली. दिवस सुरू होत होता, पण तो कुठे संपवायचा हे मला कळत नव्हते. पुढच्या दोन वर्षांत मी माझा दिवस पुन्हा कसा बांधला, त्यात काय चुकले आणि काय टिकले, ते इथे सविस्तर सांगते.

पहिले तीन महिने चांगले गेले. दोन लग्ने होती, मुलाकडे पुण्याला राहून आले, माळ्यावरचे सामान काढून झाले. जूनमध्ये पाऊस लागला, बाहेर जाणे बंद झाले आणि मग माझ्या लक्षात आले की आज कोणता वार आहे हे मला कॅलेंडर पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. दुपारी जेवून आडवी झाले की दोन तास झोप लागायची, त्यामुळे रात्री एक वाजेपर्यंत डोळा लागत नसे, आणि मग सकाळी उठायला उशीर व्हायचा. वर्तमानपत्र हातात घेतले की अकरा वाजत. मी रिकामी होते असे मात्र नव्हते. मी घरी आहे हे सगळ्यांना कळले होते, त्यामुळे कोणाचे बँकेचे काम, कोणाचा गॅस सिलिंडर घेऊन ठेवणे, कोणाच्या मुलाला शाळेतून आणणे अशी कामे माझ्याकडे येत राहिली. दिवस भरलेला असे, पण रात्री आठवायला गेले तर त्यात माझे असे काही सापडत नसे.

तेव्हा मला सुचला तो उपाय माझ्या सवयीचाच होता. मी एका रेघी कागदावर वेळापत्रक केले. सकाळी साडेपाचला उठणे, सहा ते पावणेसात चालणे, सात ते आठ स्वयंपाक, साडेआठ ते साडेनऊ वाचन, असे रात्री दहापर्यंत अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने. ते ११ दिवस चालले. पहिल्या आठवड्यात दोनदा वीज गेली, एकदा पाहुणे आले, एकदा विहिरीचा पंप बिघडला. त्रास त्या अडथळ्यांचा नव्हता. एक रकाना घसरला की त्याखालचे सगळे घसरत आणि सकाळी दहाला माझी अशी समजूत होई की आजचा दिवस गेला. मग उरलेला दिवस मी टीव्हीसमोर घालवत असे.

वेळापत्रक कार्यालयात टिकते आणि घरी टिकत नाही, यावर मी बराच विचार केला. कार्यालयात अकरा वाजता मी टेबलावर असे, कारण अकरा वाजता दुसरे कोणी तरी माझ्याकडे फाइल घेऊन येणार असे. वेळेचे दुसरे टोक कोणाच्या तरी हातात होते. घरात साडेआठच्या वाचनाचे दुसरे टोक कोणाच्याच हातात नव्हते. ते सकाळीही मीच धरायचे आणि संध्याकाळीही मीच. एवढा जोर रोज लावणे कोणालाही जमेल असे मला वाटत नाही, आणि निवृत्त माणसाने तो लावावा असेही वाटत नाही.

माझी एक भाची समुपदेशनाचे काम करते. तिने मला वेळापत्रक बाजूला ठेवून आधी दोन आठवडे फक्त नोंद करायला सांगितले. दिवसभरात जे जे घडेल ते एका ओळीत लिहायचे आणि पुढे शून्य ते दहा असे दोन आकडे टाकायचे. पहिला आकडा मन किती रमले याचा आणि दुसरा काही साधल्यासारखे किती वाटले याचा. उदास झालेल्या माणसांना पुन्हा कामाला लावण्याच्या उपचारात ही पद्धत वापरतात असे तिने सांगितले. तिच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच होते की आकडा त्याच वेळी टाकावा, रात्री आठवून टाकू नये. रात्री आठवताना आपण स्वतःबद्दलच्या समजुती लिहितो, घडलेले लिहीत नाही.

जमाखर्च लिहिण्यात आयुष्य गेल्याने मी ही नोंद चोख ठेवली आणि तिच्यातून जे निघाले ते मला अपेक्षित नव्हते. टीव्हीचा पहिला अर्धा तास मला पाच गुण देत होता, त्यापुढचा प्रत्येक तास दोन किंवा एक. घरखर्चाची वही लिहिण्यात मन रमण्याचे दोनच गुण, पण साधल्याचे आठ. वाडीवर एका घरी दुखवट्याला जाऊन आले त्या दिवशी पहिला आकडा तीन आणि दुसरा आठ. शेजारच्या मुलाला मराठी वाचायला शिकवले तो अर्धा तास सात आणि नऊ. आणि माळ्यावर सापडलेल्या पेटीतल्या, माझ्या सासऱ्यांच्या दुकानाच्या जुन्या वह्या नुसत्या चाळल्या तेव्हा आठ आणि आठ. त्या वह्या मोडी लिपीत होत्या आणि मला मोडी येत नव्हती, तरीही.

त्याच नोंदीतून आणखी एक गोष्ट दिसली. मी कोणतेही वेळापत्रक पाळत नव्हते, तरी दिवसातल्या पाच गोष्टी रोज आपोआप होत होत्या. अंगणात उजेड आला की मी दार उघडून तुळशीला पाणी घालत होते. दहाच्या सुमारास पेज होत होती. दुपारचे जेवण होत होते. चारच्या आसपास सायकलवरून पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा ऐकू येत होता. आणि दिवेलागणीला देवाजवळ व तुळशीत दिवा लागत होता. यांपैकी एकही घटना घड्याळावर होत नव्हती आणि एकही चुकत नव्हती. गोव्यात जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि मेअखेर सहा वाजून गेल्यावर लगेच, डिसेंबरात सूर्यास्त सहानंतर लागलीच होतो आणि जूनअखेर सातनंतर. वर्षभरात दिवसाची दोन्ही टोके तासाभराने सरकतात आणि या पाच गोष्टी त्यांच्याबरोबर काही न ठरवता सरकतात. मी ठरवले की दिवस वेळेला न बांधता या पाच खुंट्यांना बांधायचा.

बांधायचे म्हणजे काय, ते नेमके सांगायला हवे, कारण सगळे काम तिथेच आहे. खुंटी ही एक घटना असते आणि तिच्या लगेच पुढे एकच ठरलेली कृती जोडायची असते. 'पेज झाल्यावर काही तरी वाचन करीन' असे म्हटले की ते होत नाही. 'पेजेची वाटी धुऊन पालथी घातली की माजघरातल्या टेबलाशी बसून वही उघडायची' असे ठरवले की होते. पीटर गोल्विट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने या पद्धतीवर बरेच काम केले असून १९९९ मधला त्यांचा निबंध भाचीने मला समजावून सांगितला. माणूस 'मी अमुक करीन' असा संकल्प करतो त्यापेक्षा 'अमुक घडले की मी तमुक करीन' असा करतो तेव्हा तो अधिक वेळा पार पडतो, कारण त्या क्षणी ठरवण्याचे काम उरत नाही. वाटी पालथी घालण्याचा आवाज हाच माझ्यासाठी इशारा झाला.

प्रत्येक घटना खुंटी होऊ शकत नाही, हे मी चुकतच शिकले. सुरुवातीला मी 'वर्तमानपत्र वाचून झाले की' अशी खुंटी धरली होती. वर्तमानपत्र वाचून कधी होते? दुसरे असते, पुरवणी असते, मग फोन असतो. जिला नेमके टोक नाही अशी घटना धरून पुढचे काम कधीच सुरू होत नाही. मग मी 'मासळीवाली येऊन गेली की' असे ठरवले. ती यायची तेव्हा ते उत्तम चाले, पण तिची वेळ दीड तासाने मागेपुढे होई, सोमवारी ती येतच नसे, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते त्या दोन महिन्यांत तिचे येणे जवळजवळ थांबते. दुसऱ्या कोणाच्या सवडीवर अवलंबून असलेली घटना खुंटी म्हणून कच्ची असते. पोदेरही दुसराच माणूस आहे हे खरे, पण आमच्या वाडीवर तो मुसळधार पावसातही सायकलवर प्लास्टिक टाकून येतो, म्हणून ती खुंटी टिकली.

पाचही खुंट्यांना मी एकदम काही बांधले नाही. पहिले दोन महिने फक्त पेजेनंतरची वही, आणि ती बसल्यावर बाकीच्या. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या एका अभ्यासात एखादी साधी कृती आपोआप होऊ लागायला मधल्या माणसाला ६६ दिवस लागल्याचे आढळले होते. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. माझे साधारण ५० दिवस गेले. त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने सवय बसण्यात फारसा फरक पडत नाही असेही दिसले होते, आणि मला त्या वाक्याचा फार आधार झाला.

आता त्या वहीविषयी. पेटीत एकंदर नऊ वह्या होत्या. माझे सासरे फोंड्याला किराणा आणि सुपारीचा व्यापार करीत, आणि पोर्तुगीज अमदानीतला तो हिशेब रुपये आणि तांग्यांत होता. १६ तांग्यांचा एक रुपया. मोडी शिकायला मी आधी देवनागरीत लिप्यंतर दिलेल्या छापील नमुन्यांवरून अक्षरे गिरवली. मोडीत आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली हात फारसा न उचलता लिहीत जातात, शब्द सुटे करत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा ठेवत नाहीत, त्यामुळे नवख्या माणसाला अक्षर ओळखता आले तरी शब्द कुठे तुटतो ते कळत नाही. मला मात्र एक सोय होती. हिशेबाची रीत मला पाठ होती. जमा कुठे, नावे कुठे, बाकी कुठे काढली असेल ते न वाचताच दिसत होते, आणि आकडे लागले की शेजारचा शब्द ओळखू येत होता.

हे काम मी निवडले ते नुसते आवडले म्हणून नव्हे. दोन आकड्यांच्या नोंदीत जी कामे दोन्ही रकान्यांत सात किंवा त्याहून वर गेली होती, त्यांपैकी हे एकच काम असे होते की जे एका बैठकीत संपत नव्हते. रोजच्या दिवसाला अर्थ यायला असे एक लांबचे काम लागते, असे आता माझे मत झाले आहे. घर आवरणे, बाग पाहणे, पूजा ही कामे रोज पूर्ण होतात आणि उद्या पुन्हा तिथूनच सुरू होतात. महिन्यापूर्वी मी कुठे होते आणि आज कुठे आहे, हे ज्याच्यावरून दिसेल असे काही तरी जवळ हवे. माझे ते लिप्यंतराच्या पानांच्या संख्येवरून दिसते.

मी रोजची किमान मर्यादा एक पान ठेवली, तीही मूळ वहीचे पान नव्हे, माझ्या लिप्यंतराचे. कमाल मर्यादा आधी ठेवली नव्हती आणि तिथे फसले. एके दिवशी एका गिऱ्हाइकाचे तीन वर्षांचे खाते सलग लागत गेले आणि मी तीन वाजेपर्यंत उठलेच नाही. जेवण टळले, डोके दुखले, आणि पुढचे दोन दिवस वही उघडावीशी वाटली नाही. तेव्हापासून जेवणाची खुंटी हीच कमाल मर्यादा आहे. ताटे घेतली की मी पेन्सिलीने पुढच्या ओळीपाशी खूण करते आणि उठते, मग वाक्य अर्धे राहिले तरी चालते. उलट अर्धे राहिलेलेच बरे असते, कारण दुसऱ्या दिवशी कुठून सुरू करायचे हा प्रश्न पडत नाही.

पेज ते जेवण हा वेळ मोकळा मिळणे आमच्या घरात सोपे नव्हते. तोच वेळ मासळी येण्याचा, तोच वाटण वाटण्याचा आणि तोच ओळखीच्यांनी सहज डोकावण्याचा. नोंदीच्या दिवसांत एका सकाळी मी पेजेपासून जेवणापर्यंत १४ वेळा उठले होते. तो कागद मी ह्यांच्यापुढे ठेवला.

"अहो, पेज झाली की जेवणापर्यंत मला हाक मारू नका," मी म्हटले.

ह्यांनी कागद नीट वाचला. "आणि कोणी आले तर?"

"बसवा, पाणी द्या. खरेच माझेच काम असेल तर बोलवा."

"मासळी?"

"तुम्ही घ्या. तुम्हाला माझ्याहून चांगली पारखता येते."

हे खरेच होते, आणि मासळी घेणे तेव्हापासून ह्यांच्याकडे गेले. भाजी चिरणे व नारळ खवणे त्यांनी आपणहून घेतले. मी वाटण सकाळी फिरून आल्यावरच करून ठेवू लागले. पहिले काही दिवस हाका येत राहिल्या, मीठ कुठे आहे, पंपवाल्याचा नंबर कोणता. प्रत्येक हाकेनंतर आम्ही ती वस्तू कुठे असते ते डब्यावर लिहून चिकटवले आणि महिन्याभरात हाका थांबल्या. माझ्या मते निवृत्त स्त्रीच्या बाबतीत दिवस बांधण्याचा अर्धा भाग हा असतो. तिचे कार्यालय सुटते, पण स्वयंपाकघर सुटत नाही, आणि घरातले माणूस त्यात हात घालत नसेल तर कितीही खुंट्या ठोकल्या तरी त्या टिकणार नाहीत.

बाकीच्या खुंट्यांना काय बांधले ते थोडक्यात सांगते. अंगणात उजेड आला आणि तुळशीला पाणी घातले की चपला घालून देवळाच्या तळीपर्यंत जाऊन यायचे, साधारण ४० मिनिटे. पावसाळ्यात हे होत नाही, तेव्हा सोप्यावर बसून चहा घ्यायचा, पण घराबाहेरच्या उजेडात. सकाळचा उजेड आणि जेवणाच्या ठरावीक वेळा यांवर शरीराचे घड्याळ लागते, आणि माझ्या बाबतीत झोप सुधारली ती यामुळे आणि दुपारची झोप कमी केल्यामुळे. जेवण झाले की मी २५ मिनिटांचा गजर लावून आडवी होते. दिवसभरात गजर एवढाच. तो नसला की दीड-दोन तास जातात आणि त्याची किंमत रात्री मोजावी लागते, हे मी पुन्हा पुन्हा करून पाहिले आहे. पोदेराचा भोंगा ऐकला की पोई घ्यायला फाटकापर्यंत जायचे आणि घरात परत न येता तसेच कोणाकडे तरी जायचे, किंवा ठरलेल्या दिवशी मुलांना घेऊन बसायचे. दिवेलागण झाली की छोट्या वहीत तीन ओळी लिहायच्या. आज काय झाले, कोणाशी बोलणे झाले, आणि उद्या पेजेनंतरची पहिली ओळ कोणती.

खुंट्यांच्या मधला वेळ मी मुद्दाम मोकळा ठेवला आहे. पहिल्या चुकीतून शिकल्यावर तो भरण्याचा मोह मी टाळते. त्या वेळात कपडे, बाग, फोन, नुसते बसणे, जे येईल ते.

या रचनेची खरी परीक्षा दिवस मोडतो तेव्हा होते, म्हणून गेल्या नोव्हेंबरातला एक बुधवार जसा घडला तसा सांगते. त्या दिवशी पहाटे वीज गेलेली होती. उजेड झाल्यावर तळीपर्यंत जाऊन आले. मिक्सर चालणार नव्हता, म्हणून वाटण रगड्यावर वाटले आणि पेजेला पावणेअकरा झाले. वाटी धुतली आणि वहीशी बसले. एका सुपारीच्या खात्यात बाकी जुळत नव्हती. आकडा मी २३ रुपये ११ तांगे वाचला होता. पाचसात ओळी झाल्या असतील, तोच कवळ्याहून फोन आला की ह्यांच्या मावशी गेल्या. आम्ही लगेच निघालो. जेवण नाही, दुपारची विश्रांती नाही. परत घरी पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते आणि आंघोळ होते न होते तोच पोदेराचा भोंगा वाजला.

पूर्वीच्या वेळापत्रकात असा दिवस बुडीत खाती गेला असता. या रचनेत माझा एकच नियम आहे, की मोडलेला दिवस उद्यापासून नव्हे, पुढच्या खुंटीपासून पुन्हा सुरू करायचा. मी फाटकापर्यंत गेले, पोई घेतल्या. बुधवार असल्याने वाडीवरची चार मुले वाचनाला आलीच होती. त्यांना मी सांगितले की आज घरी दुःख झाले आहे, आज तुम्हीच एकमेकांना वाचून दाखवा, मी ऐकते. त्यांनी तसे केले. दिवेलागणीला वहीत तीन ओळी लिहिल्या, आणि तिसरी ओळ अशी होती की तो आकडा पुन्हा पाहायचा. दुसऱ्या दिवशी पाहिला तेव्हा कळले की ११ नव्हते, १४ तांगे होते.

या नियमाची दुसरी बाजूही महत्त्वाची आहे. राहिलेले पान दुसऱ्या दिवशी दोन पाने करून भरायचे नाही. लेखा शाखेत मागील बाकी पुढे ओढल्याशिवाय वही उघडताच येत नाही आणि माझा हात आपोआप तिकडेच जात होता. सुरुवातीला मी राहिलेल्या पानांची थकबाकी लिहून ठेवीत असे, ती १७ पानांवर गेली आणि वही उघडताना छातीवर दडपण येऊ लागले. मी ती नोंद खोडली. दिवसाच्या या वहीत शिल्लक पुढे जात नाही, रोज शून्यावरून सुरुवात होते.

आठवड्याला आकार यावा म्हणून मी फक्त दोन-तीन वार दुसऱ्यांच्या हाती दिले आहेत. बुधवार आणि शनिवार मुलांचे वाचन, आणि महिन्यातून दोन गुरुवार पणजीला पाटो इथले कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय. १८३२ साली स्थापन झालेल्या त्या ग्रंथालयात गोव्याविषयीची जुनी पुस्तके पाहायला मिळतात आणि वहीत आलेली गावांची किंवा मापांची नावे मी तिथे पडताळून घेते. मुले येणार असतात म्हणून बुधवारी मला बरे वाटत नसले तरी मी उठून बसते. वेळेचे दुसरे टोक कोणाच्या तरी हातात असण्याचा कार्यालयातला गुण मला एवढ्यापुरता हवा होता. याहून अधिक वार दिले तेव्हा मात्र त्रास झाला. मध्यंतरी देवस्थानच्या एका समितीचे लेखी काम आणि महिला मंडळाचा जमाखर्च मी एकदम स्वीकारला आणि दोन महिन्यांत मी पुन्हा नोकरीतल्यासारखी धावू लागले. ते मला कळले ते दिवेलागणीच्या वहीतून, कारण सलग नऊ दिवस तिसरी ओळ तीच होती. तिसरी ओळ सलग चार-पाच दिवस तीच दिसली की काही तरी बिघडले आहे, हे माझे सगळ्यात विश्वासाचे लक्षण आहे. मी समितीचे काम परत दिले.

ऋतूप्रमाणे खुंट्यांची कामे बदलावी लागतात. एप्रिल-मेमध्ये पाऊस येण्याआधी भिरंडे, म्हणजे कोकमाची फळे, फोडून सोले वाळवायची असतात आणि त्या दिवसांत पेजेनंतर वही नव्हे, सोलेच. चवथीच्या आधीचे आठ दिवस आणि नंतरचे पाच मी कशाचाच आग्रह धरत नाही. माटोळी, फराळ, पाहुणे यांत दिवस स्वतःच भरगच्च बांधलेला असतो. त्या काळात फक्त दिवेलागणीच्या तीन ओळी चालू ठेवते, आणि ह्याचा उपयोग असा की पाहुणे गेल्यावर परत यायला वाट शिल्लक राहते. पहिल्या वर्षी तीही थांबवली होती, तेव्हा पेजेनंतरची वही पुन्हा उघडायला दिवाळी उजाडली.

माझ्या एका माजी सहकारी मैत्रिणीला ही पद्धत मी सांगितली तेव्हा ती म्हणाली, "ताई, माझ्या घरात पेज कधी होईल याचाच नेम नाही." तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत. तिच्याबरोबर बसून आम्ही तिच्या दिवसातल्या न चुकणाऱ्या घटना शोधल्या. अंग पुसून कपडे बदलले की सासूबाई पाऊण तास शांत झोपतात आणि उठल्यावर त्यांना बोलायचे असते. या दुसऱ्या वेळेला तिने काम जोडले. सासूबाईंना आठवणारी फुगडीची गाणी ती आता एका वहीत उतरवून घेते. कधी दोन ओळी मिळतात, कधी काहीच नाही. पहिला पाऊण तास मात्र तिने कशालाच जोडू नये असे मी सांगितले, कारण तेवढीच तिची विश्रांती होती.

आणि जिथे ही पद्धत पुरत नाही तेही पाहिले आहे. आमच्या वाडीवरचे एक निवृत्त गृहस्थ पत्नी गेल्यावर कशातच रमत नव्हते. त्यांनी महिनाभर नोंद ठेवली आणि दोन्ही रकाने शून्य-एकच्या वर गेले नाहीत, जेवणाची चव गेली होती, पहाटे तीनला जाग येत होती. असे दोन आठवड्यांहून अधिक चालले तर तो दिवसाच्या रचनेचा प्रश्न राहत नाही. मी त्यांना नोंदीचा कागद घेऊन डॉक्टरांकडे जायला सांगितले आणि त्यांचा मुलगा घेऊन गेला. औषध सुरू झाल्यावर काही महिन्यांनी त्यांनी पहिली खुंटी धरली, सकाळी उजेड झाला की फाटक उघडून रस्त्यावर उभे राहणे, एवढीच. आता ते माझ्याबरोबर तळीपर्यंत येतात.

नऊपैकी चार वह्या झाल्या आहेत आणि पाचवीची सुरुवात वाळवी लागल्याने अर्धी गेली आहे. काल दिवेलागणीला मी तिसऱ्या ओळीत लिहिले की पान सातच्या डाव्या कोपऱ्यातला शब्द 'नारळ' की 'नारायण', ते उजेडात धरून पाहायचे.